केवल मूल्य असलेली लॉगरिदमी समीकरणे

ज्या समीकरणात लॉगरिदमच्या आत चलाचे केवल मूल्य येते, उदा. log|x − a|, असे समीकरण. वास्तव संख्यांमध्ये लॉगरिदम फक्त धन संख्येचा निघतो. केवल मूल्यामुळे मात्र a हा एक बिंदू सोडून सर्व x चालतात. त्या वगळलेल्या बिंदूपाशी प्रांत तुटतो व दोन्ही तुकड्यांवर समीकरणाचे रूप वेगळे होते.

या चिन्हामागे एक जुना वाद आहे. १७१२-१३ च्या पत्रव्यवहारात योहान बर्नुली यांनी log(−x) = log x असे प्रतिपादन केले; लाइबनिट्स यांना ते अमान्य होते, ऋण संख्यांचे लॉगरिदम त्यांच्या मते काल्पनिक. बर्नुलींचा आधार असा, की x आणि −x यांच्या लॉगरिदमांचे विकलक सारखेच, dx/x. पण विकलक सारखे असले तरी फलांत स्थिरांकाचा फरक राहू शकतो, आणि ऑयलर यांनी (लेख १७४९ च्या सुमाराचा, प्रसिद्धी १७५१) नेमके हेच दाखवले: ऋण संख्येला अनंत लॉगरिदम असतात, सगळे काल्पनिक. निकाल लाइबनिट्स यांच्याकडे झुकतो. तरीही वास्तव भागापुरते पाहिले तर बर्नुलींचे सूत्र म्हणजे आजचे log|x| च होय. दोन उभ्या रेघांचे चिन्ह बरेच नंतरचे. ते सामान्यतः वायरस्ट्रास यांचे (१८४१ च्या सुमारास) मानतात.

शालेय गणितात केवल मूल्य बहुधा वर्गातून येते, कारण log x² = 2 log|x|. येथे 2 log x लिहिले, की ऋण बाजूच्या उकली गुपचूप गळतात. पुढील समीकरण पाहा:

log₂(x − 3)² + 2 log₂(x + 1) = 4

दुसऱ्या पदामुळे x > −1 हवे, पहिल्यामुळे x ≠ 3. दोनाने भागल्यावर log₂|x − 3| + log₂(x + 1) = 2, म्हणजेच |x − 3|(x + 1) = 4.

x > 3 असता x² − 2x − 7 = 0, म्हणून x = 1 ± 2√2. यांपैकी 1 + 2√2 (सुमारे ३.८३) या तुकड्यात बसते; 1 − 2√2 (सुमारे −१.८३) मूळ प्रांतातच नाही.

−1 < x < 3 असता (3 − x)(x + 1) = 4, म्हणजे (x − 1)² = 0 व x = 1. ताळा: log₂4 + 2 log₂2 = 2 + 2 = 4.

केवल मूल्य विसरल्यास x = 1 हाती लागत नाही. ही चूक ताळ्याने सापडत नाही, हे विशेष: ताळा जास्तीचे मूळ पकडतो, हरवलेले नाही. त्यासाठी पायरी बदलताना प्रांत आकसला का, हेच पाहावे लागते. उलट, दुसरे पदही log₂(x + 1)² असते, तर प्रांत −1 च्या डावीकडे वाढून वर टाकून दिलेले 1 − 2√2 सुद्धा खरी उकल ठरले असते.