रातकिड्याला सूर कळतो, पतंगाला फक्त अंतर

‘पतंग वटवाघळाचा आवाज ओळखतो आणि पळतो.’ पावसाळ्यात पतंगांचे फोटो टाकणाऱ्या आमच्या गोव्यातल्या मंडळींच्या लिखाणात हे वाक्य दर आठवड्याला भेटतं. त्याच्या शेपटीला हमखास जोडलेलं असतं, ‘जसा रातकिडा आपल्या जोडीदाराचा आवाज ओळखतो तसा.’ रातकिड्यापुरतं ते बरोबर आहे. पतंगाच्या बाबतीत ‘ओळखतो’ हा शब्दच चुकलाय, आणि सगळा घोळ त्या एका शब्दात आहे.

रातकिडा सगळ्यांनी ऐकलेला असतो, म्हणून त्याचं भराभर उरकतो. गातो तो नर, पुढचे दोन पंख एकमेकांवर घासून. पायांनी नव्हे, पाय घासणारे ते काही नाकतोडे. सत्तरीच्या रानात भर दुपारी जी कानठळ्या बसवणारी किरकिर चालते, ती सिकाडांची असते, तिचं श्रेय रातकिड्याला देऊ नये. पायांत असतात ते त्याचे कान, पुढच्या दोन पायांवर गुडघ्याच्या जरा खाली. बारीक भिंग धरलं तर पांढुरका लांबट ठिपका दिसतो, तोच कानाचा पडदा. पतंगातल्या एका मोठ्या घराण्यात, ज्याला नॉक्टुइड म्हणतात, हाच पडदा छातीच्या मागच्या टोकाला, पोट सुरू होतं तिथल्या खोबणीत असतो. भूमिती पतंगांत तो पोटाच्या बुडाशी असतो. कान कुठे आहे यावर लोक परिच्छेदच्या परिच्छेद खर्च करतात. माझ्या मते ती सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट. पातळ पडदा, मागे हवा आणि पडद्याला चिकटलेल्या चेतापेशी, ही रचना दोघांचीही तीच. त्या पेशी किती आहेत आणि त्यांना काय विचारलं जातं, हे मात्र बघायलाच हवं.

रातकिड्याच्या एका कानात साधारण ६०-७० चेतापेशी एका रांगेत बसलेल्या असतात. रांगेच्या एका टोकाच्या पेशी खालच्या सुरांना जागतात, दुसऱ्या टोकाच्या वरच्या सुरांना. बाजाच्या पेटीच्या पट्ट्या जशा. बऱ्याच जातींच्या रातकिड्यांचं गाणं ५ किलोहर्ट्झच्या आसपास असतं, त्यामुळे पुष्कळशा पेशी तिथेच कान लावून असतात. पण रांगेत अशाही पेशी आहेत ज्या आपल्याला ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत, २० किलोहर्ट्झच्या पुढे जागतात. ती वटवाघळांची पट्टी.

आता उडत्या रातकिड्याचं बघा. प्रयोगशाळेत रातकिड्याला पाठीवर बारीक काडी चिकटवून पंख्याच्या वाऱ्यात धरतात, म्हणजे तो जागच्या जागी उडत राहतो. डावीकडून ५ किलोहर्ट्झचा ठोका दिला की तो डावीकडे वळू बघतो. त्याच बाजूने ३० किलोहर्ट्झचा दिला की उजवीकडे. मधले सूर एकेक करून तपासले तर असं दिसतं की त्याची ओढ हळूहळू कमी होत भीतीत बदलत नाही. १६ किलोहर्ट्झच्या आसपास एक लक्ष्मणरेषा आहे. तिच्या अलीकडे सगळं ‘आपलं माणूस’, पलीकडे सगळं ‘पळा’. अमेरिकेत रॉन हॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवलं, आणि हेही दाखवलं की पळण्याचा हुकूम मेंदूकडे नेणारी एकच ठळक चेतापेशी प्रत्येक बाजूला आहे. ती पेशी जमिनीवर बसलेल्या रातकिड्यातही ठणाणा करते, पण तो वळत नाही. उडत असेल तरच वळतो. म्हणजे रातकिडा सुरावरून ठरवतो: जवळ जायचं की लांब.

नॉक्टुइड पतंगाच्या एका कानात ऐकणाऱ्या पेशी असतात दोन. साठ नव्हे, दोन. त्यांना ए-१ आणि ए-२ म्हणतात. दोघी साधारण त्याच पट्टीला जागतात, २० ते ५० किलोहर्ट्झला सगळ्यात चांगल्या. सूर वेगळा काढायचा तर वेगवेगळ्या सुरांना जागणाऱ्या पेशी हव्यात, आणि त्या इथे नाहीतच. २५ किलोहर्ट्झचा आवाज आणि ४५ किलोहर्ट्झचा आवाज पतंगाला एकसारखाच. या बाबतीत तो ठार बहिरा आहे, सुराला बहिरा. म्हणून ‘ओळखतो’ म्हणू नका. त्याच्या कानात पोचलेला वरच्या पट्टीचा प्रत्येक खणखणाट म्हणजे वटवाघूळ, एवढीच त्याची समजूत.

मग दोन पेशी कशाला? फरक आहे तो जागण्याच्या उंबरठ्यात. ए-१ हळू आवाजाला जागते. ए-२ ला जागं व्हायला त्याच्या जवळजवळ १०० पट तीव्र आवाज लागतो. केनेथ रोडर आणि ॲशर ट्रीट यांनी १९५०च्या दशकात पतंगाच्या या मज्जातंतूला तार लावून हे ऐकलं.

आता एका रात्रीचा हिशेब मांडू. वटवाघूळ ३० मीटरवर आहे, चाचपडत दर सेकंदाला १० वेळा ओरडतंय. पतंगाच्या ए-१ ला ते इतक्या लांबून लागतं. वटवाघळाला मात्र पतंग अजून दिसलेला नाही, कारण त्याचा आवाज पतंगावर आपटून परत यावा लागतो आणि त्या जाण्यायेण्यात बहुतेक जीव निघून जातो. त्याला पतंग कळतो चार-पाच मीटरवर. वटवाघूळ सेकंदाला ५ मीटर उडतंय असं धरलं तर पतंगाला मिळाले पाच सेकंद. या पाच सेकंदांत तो सरळ पाठ फिरवून चालू लागतो. कुठल्या बाजूला फिरायचं ते त्याला दोन कानांतल्या फरकावरून कळतं: वटवाघळाकडचा कान आधी आणि जास्त वाजतो. ३० किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, त्यामुळे पतंगाचं लहानसं अंगही तिला आड येतं. (रातकिड्याला ही सोय नाही. त्याच्या गाण्याची लहर सात सेंटिमीटरची, ती त्याच्या अंगाला वळसा घालून निघून जाते. म्हणून छातीवरच्या श्वासरंध्रातून पायातल्या कानापर्यंत गेलेली नळी पडद्याच्या आतल्या बाजूने तोच आवाज आणून सोडते, आणि आतून-बाहेरून येणाऱ्या दाबाच्या फरकावरून बाजू ठरते. सुरेख भानगड आहे, पण तो वेगळा लेख.)

पाठ फिरवूनही वटवाघूळ जवळ आलंच तर? शंभरपट तीव्रता म्हणजे अंतर एक दशांश: ३० मीटरचे झाले ३. वरच्या पट्टीचा आवाज हवाही वाटेत शोषून घेते, तेव्हा प्रत्यक्षात हा उंबरठा त्याआधीच ओलांडला जातो. म्हणजे ए-२ जागते ती जवळपास त्याच टप्प्यावर, जिथे वटवाघळाला पतंग सापडलेला असतो. आता पळून उपयोग नाही, वटवाघूळ वेगवान आहे. पतंग पंख मिटून दगडासारखा खाली पडतो, किंवा गिरक्या घेत, वेडावाकडा, कुठेही जातो. ही दिशा ठरलेली नसते, आणि नसते म्हणूनच ती उपयोगाची.

इथे नेहमी एक छान गोष्ट सांगितली जाते: ए-१ म्हणजे ‘पाठ फिरव’, ए-२ म्हणजे ‘पड’. मला ती पटत नाही. नोटोडोंटिड नावाच्या घराण्यातल्या पतंगांना कानात ऐकणारी पेशी एकच असते, तरी तेही लांबून पाठ फिरवतात आणि जवळून कोसळतात. म्हणजे एकाच पेशीच्या ठोक्यांची गतीही तेवढं सांगायला पुरते. दोन बटणांची गोष्ट मुलांना सांगायला सोपी, इतकंच.

सूर न कळण्याचा तोटा कुठे होतो ते आपल्याकडे सहज दिसतं. पश्चिम घाटातल्या गुहांत आणि पडक्या घरांत नाकावर घोड्याच्या नालेसारखी पाळ असलेली वटवाघळं राहतात. त्यांतली काही ८० किलोहर्ट्झच्या आसपास ओरडतात. त्यांचे बरेचसे पाननाके भाऊबंद तर १०० च्याही वर. ही पट्टी पतंगाच्या कानाच्या चांगल्या टापूबाहेरची. आवाज लागतो, पण फार जवळ आल्यावर, आणि वरची पाच सेकंदं हातची जातात. (आंब्या-चिकूवर येणारी मोठी फळखाऊ वटवाघळं या हिशेबात नाहीतच. ती आवाजाने शिकार करत नाहीत, पतंग त्यांच्या खाण्यातही नाही.)

आता माझी स्वतःची फजिती. चतुर्थीच्या आधीच्या एका रात्री पडवीत पांढरी चादर टांगून दिवा लावला होता. मोबाइलवर ‘वटवाघळाचा आवाज’ शोधून चादरीशी वाजवला. एक पतंग हलेल तर शपथ. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘‘काका, पतंग बहिरे झाले काय?’’ बहिरा मी होतो. ते आवाज माणसाला ऐकू यावेत म्हणून दहापट संथ केलेले असतात. ४५ किलोहर्ट्झ दहापट संथ केले की होतात साडेचार, म्हणजे जवळजवळ रातकिड्याचं गाणं! संथ न करता वाजवायचं म्हटलं तरी मोबाइलचा स्पीकर २० किलोहर्ट्झच्या पुढे फारसं काही काढत नाही.

मग खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून खुळखुळवला. धातूवर धातू आपटला की आपल्याला ऐकू येतं त्याच्या वर, २०-४० किलोहर्ट्झमध्येही भरपूर आवाज असतो. दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्यांपैकी दोन करड्या पतंगांनी जागीच गोता मारला, एक चादरीवरून टपकन खाली पडला. बाकीचे ढिम्म. त्यावरून ते बहिरे, असं मात्र लिहू नका. जुन्या पाऱ्याच्या दिव्यांच्या उजेडात ऐकणारे पतंगही नीट कोसळत नाहीत, हे मोजून दाखवलेलं आहे, आणि एलईडीखालीही तसं दिसलंय. खरी परीक्षा करायची तर दिव्यापासून दूर, अंधारातून उडत येणाऱ्या पतंगाची करावी. टॉर्च क्षणभर, किल्ल्या आधी.

चादरीच्या कोपऱ्यात त्या रात्री हिरवा चंद्रपतंगही बसला होता, हातभर शेपट्यांचा म्हणावा असा. त्याच्यापुढे किल्ल्या कितीही खुळखुळवल्या तरी फरक पडला नसता. त्याच्या घराण्याला कानच नाहीत. अमेरिकेतल्या त्याच्या नातलगावर झालेल्या प्रयोगांत दिसलं की उडताना गरगरणाऱ्या लांब शेपट्यांवर वटवाघूळ झडप घालतं आणि अंगाऐवजी शेपटीचा तुकडा तोंडात घेऊन जातं. कोपऱ्यातल्या त्याची डावी शेपटी अर्धीच होती.