गर्भनिरोधक इंजेक्शन किंवा इम्प्लांट थांबवल्यानंतरचे गर्भधारणेचे नियोजन

गर्भनिरोधक इंजेक्शन किंवा दंडात बसवलेली काडी (इम्प्लांट) बंद केल्यावर स्त्रीची जननक्षमता परत येण्याचा काळ आणि त्या काळाचा हिशेब धरून मूल होऊ देण्याची आखणी, हा या नोंदीचा विषय आहे. दोन्ही साधनांत प्रोजेस्टिन जातीचे संप्रेरक असते आणि दोन्ही मुख्यतः बीजकोशातून बीज बाहेर पडणे थांबवतात. तरी ‘बंद केले’ या शब्दांचा अर्थ दोन्हींत वेगळा आहे. काडी बाहेर काढता येते. टोचलेले औषध काढून घेता येत नाही, ते संपेपर्यंत वाट पाहावी लागते. पाळणा लांबवताना हा फरक कुणी फारसा सांगत नाही आणि बाई पाळीची वाट पाहत बसते, तेव्हा तो नेमका आडवा येतो.

भारतात सर्वाधिक वापरले जाणारे इंजेक्शन म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन असिटेट, दर तीन महिन्यांनी स्नायूत १५० मिलिग्रॅम. केंद्र सरकारच्या कुटुंब नियोजन कार्यक्रमात ते २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने मोफत मिळते. पुण्याच्या वस्त्यांत आशाताई आणि सिस्टर त्याला ‘अंतरा’ किंवा नुसते ‘तीन महिन्यांचे इंजेक्शन’ म्हणतात. सोबत एक कार्ड मिळते आणि त्यावर टोचल्याची व पुढची तारीख लिहितात. मूल हवे असे ठरले की याच कार्डाचा सर्वांत जास्त उपयोग होतो, आणि नेमके तेच बहुतेकींच्या घरी सापडत नाही. काडी साधारण चार सेंटिमीटर लांब आणि काडेपेटीच्या काडीएवढी जाड असते. तिच्यात ६८ मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल असते आणि ती दंडाच्या आतल्या बाजूला त्वचेखाली बसवतात.

उशीर का होतो

इंजेक्शनमधले औषध पाण्यात विरघळलेले नसते. बाटलीत त्याचे सूक्ष्म स्फटिक तरंगत असतात, म्हणूनच टोचण्यापूर्वी ती हलवून घ्यावी लागते. स्नायूत गेल्यावर या स्फटिकांचा साठा तयार होतो आणि त्यातून औषध कणाकणाने रक्तात झिरपते. तीन महिने ही परिणामाची खात्री असलेली मुदत आहे, औषध संपण्याची नव्हे. पुढचे इंजेक्शन चार आठवड्यांपर्यंत उशिरा घेतले तरी चालते अशी सवलत जागतिक आरोग्य संघटनेने दिली आहे, तीही त्यामुळेच. रक्तातले प्रमाण खूप खाली गेल्याशिवाय मेंदूकडून बीजकोशाला बीज सोडण्याचा इशारा जात नाही. हा साठा कुणाच्या अंगात चार महिन्यांत संपतो, तर कुणाच्या अंगात आठ-नऊ महिने रेंगाळतो. शरीर ‘साफ’ करणारी औषधे किंवा काढे घेऊन तो लवकर संपत नाही.

काडीचे तसे नाही. काडी काढली की औषधाचा स्रोतच जातो आणि आठवड्याभरात रक्तात ते मोजण्याइतकेही उरत नाही. बहुतेक स्त्रियांत तीन-चार आठवड्यांत बीज बाहेर पडू लागते. काढल्यावर दोन आठवड्यांच्या आत दिवस गेल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून मूल इतक्यात नको असेल, पण नुसती काडी नकोशी झाली असेल, तर दुसरे साधन त्याच दिवशी सुरू करावे लागते.

किती महिने लागतात

इंजेक्शनच्या बाबतीत मोजणी शेवटच्या इंजेक्शनच्या तारखेपासून होते. ज्या स्त्रियांनी मूल हवे म्हणून ते थांबवले, त्यांच्यातल्या निम्म्यांना शेवटच्या इंजेक्शननंतर दहा महिन्यांच्या आसपास गर्भधारणा होते. औषधाच्या माहितीपत्रकातील आकडे असे आहेत: बारा महिन्यांत ६८ टक्के, पंधरा महिन्यांत ८३ टक्के, अठरा महिन्यांत ९३ टक्के. कुणाला चौथ्याच महिन्यात दिवस जातात, कुणाला दोन वर्षांहून अधिक लागतात. इंजेक्शन एक घेतले की दहा घेतली, याने हा काळ बदलत नाही. ‘पाच वर्षे टोचून घेतली, आता पाच वर्षे मूल होणार नाही’ हे ऐकीव गणित चूक आहे. वंध्यत्व येत नाही, उशीर होतो.

गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या उत्तर अमेरिका व डेन्मार्कमधील हजारो स्त्रियांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंजेक्शननंतरचा विलंब पाच ते आठ मासिक चक्रांचा आढळला. काडीनंतर तो सुमारे दोन चक्रांचा होता, तांबीनंतरही तेवढाच. चक्रांमध्ये सांगितलेला हा आकडा कॅलेंडरशी जोडताना जरा जपावे, कारण इंजेक्शननंतर चक्र सुरूच व्हायला वेळ लागतो.

एक हिशेब

उदाहरणादाखल हडपसरची एकोणतीस वर्षांची स्त्री घेऊ. पहिला मुलगा चार वर्षांचा, त्याच्या जन्मानंतर तिने दोन वर्षे इंजेक्शन घेतले. शेवटचे १० जानेवारीला. पुढचे तेरा आठवड्यांनी, म्हणजे ११ एप्रिलला होते, ते तिने घेतले नाही. तिच्या मनात प्रयत्नांची सुरुवात एप्रिलमध्ये होते आणि ऑगस्ट उजाडला तरी पाळी नाही म्हटल्यावर घरात कुजबुज सुरू होते. सासूबाई म्हणतात, “अगं, चार महिने झाले, एकदा दाखवून तर ये.” कार्डाच्या हिशेबाने ऑगस्टमध्ये सात महिने झालेले असतात. निम्म्या स्त्रियांना दिवस जाण्याचा टप्पा नोव्हेंबरच्या आसपास येतो. पुढच्या जानेवारीपर्यंत दिवस गेले तरी ती दोन-तृतीयांश स्त्रियांच्या घोळक्यातच असते, आणि पुढच्या जुलैपर्यंत, म्हणजे अठरा महिन्यांत, बहुतेकींना दिवस गेलेले असतात. सप्टेंबरमध्ये तिला थोडे डाग दिसतात, ऑक्टोबरमध्ये नीट पाळी येते. बीज बाहेर पडण्याचे दिवस दाखवणारी ओव्ह्युलेशन किटची पट्टी वापरायची, तर ती तेव्हापासून. जूनपासून रोज पट्टी बुडवत राहिले, तर पैसे जातात आणि झोपही.

हाच हिशेब उलटाही करता येतो. दिवस कधी जावेत हे साधारण ठरले असेल, तर त्याच्या दहा महिने आधी शेवटचे इंजेक्शन येईल असे बेतायचे आणि मधले महिने निरोध वापरायचा. पस्तिशी जवळ आलेल्या, किंवा ‘दिवाळीनंतर लगेच’ असे नवऱ्याच्या बदलीशी बांधून ठेवलेल्या स्त्रीला डॉक्टर याच कारणासाठी पुढचे इंजेक्शन न देता काडी, तांबी किंवा गोळ्या सुचवतात. उशीर होतो म्हणून त्या मधल्या काळात काही न वापरणे मात्र चालत नाही. पाळी परत येण्याच्या आधी बीज बाहेर पडते, त्यामुळे पहिली पाळी न दिसताही दिवस जाऊ शकतात.

काडी काढताना

काढण्याची प्रक्रिया छोटी असते. भूल देणारे इंजेक्शन, काडीच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटरची चीर, दाबून बाहेर ढकलणे आणि वर पट्टी. टाके लागत नाहीत. अडचण येते ती काडी बोटांना लागत नसेल तर. अशा वेळी चाचपडत चिरणे योग्य नव्हे. सध्याच्या काड्यांत एक्स-रेवर दिसणारा बेरियमचा अंश असतो, त्यामुळे एक्स-रे किंवा सोनोग्राफीने आधी जागा नक्की करतात. काडी निघाल्यावर डॉक्टरांनी ती अखंड आहे का, हे चार सेंटिमीटर मोजून पाहावे आणि बाईनेही ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. तुकडा आत राहिला तर औषध झिरपत राहते आणि मग ‘काढूनही दिवस का जात नाहीत’ हा प्रश्न महिनोन्‌महिने सुटत नाही. तीन वर्षांची मुदत संपली की काडी आपोआप निकामी होते, असे समजणारेही आहेत. पण मुदतीनंतरही तिचा परिणाम दोनएक वर्षे टिकल्याचे अभ्यास आहेत. मूल हवे तर ती काढावीच लागते.

तयारी आणि तपासणी

फॉलिक अ‍ॅसिडची रोजची गोळी (साधारण ४०० मायक्रोग्रॅम, डॉक्टर गरजेनुसार अधिक देतात) दिवस जाण्याच्या किमान एक महिना आधी सुरू करायची असते, कारण बाळाच्या मज्जासंस्थेची नळी गर्भधारणेपासून चार आठवड्यांत मिटते. काडीवालीने ती काढण्यापूर्वीच सुरू करावी. इंजेक्शनवालीने पुढच्या इंजेक्शनची तारीख चुकवली, त्याच दिवसापासून. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर याच सुमारास पाहून घेतात. ससून, औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय अशा सरकारी ठिकाणी कार्ड सोबत नेले, तर निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

तपासणीचा सर्वसाधारण नियम असा: पस्तिशीच्या आत एक वर्ष प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, पस्तिशीनंतर सहा महिने, तर वंध्यत्वाची तपासणी करावी. इंजेक्शननंतर हे वर्ष कधीपासून धरायचे, यावरच खरा घोळ होतो. पुढचे इंजेक्शन टळले त्या तारखेपासून धरणे, म्हणजे हडपसरच्या उदाहरणात ११ एप्रिलपासून, हे व्यवहारात सोयीचे. पण पाळी आधीपासून अनियमित असेल, स्तनांतून दूध येत असेल, वजन विनाकारण बदलले असेल किंवा वय चाळिशीकडे झुकलेले असेल, तर हे वर्ष भरण्याची वाट पाहू नये. कारण मग दोष इंजेक्शनचा नसून थायरॉइड, दूध आणणारे संप्रेरक प्रोलॅक्टिन किंवा पीसीओएस या बीजकोशाच्या विकाराचा असू शकतो, आणि इंजेक्शन नुसते निमित्त ठरलेले असते. नवऱ्याची वीर्य तपासणी स्वस्त आणि सोपी असूनही सगळ्यात शेवटी होते. ती पहिल्याच फेरीत व्हायला हवी. पाळी आणण्याच्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण त्याने बीज बाहेर पडलेच असे नाही. त्या आलेल्या पाळीवरून तारखा मोजत बसणे ही नेहमीची फसगत.

दिवस गेलेच, तर एक अडचण ध्यानात ठेवावी. ज्या स्त्रीला इंजेक्शनमुळे पाळीच आली नव्हती, तिची ‘शेवटची पाळी’ सांगता येत नाही. म्हणून मळमळ, छाती जड वाटणे किंवा न समजणारा थकवा जाणवला की पाळीची वाट न पाहता मूत्राची चाचणी करावी आणि ती सकारात्मक आली की सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करून बाळाच्या लांबीवरून तारीख ठरवावी. उशिरा केलेल्या सोनोग्राफीत ही तारीख पुढेमागे होते. इंजेक्शन चालू असताना न कळत दिवस गेले, तर तेवढ्या कारणाने गर्भपात करावा लागत नाही.