रिकामा रकाना आणि सोबतचं टिपण

एक्सेलच्या तक्त्यात ‘ताब्याची तारीख’ हा रकाना रिकामा ठेवा आणि शेजारच्या रकान्यात त्या तारखेत ३० दिवस मिळवणारं सूत्र लिहा. एक्सेल अजिबात कुरकुरत नाही. रिकाम्या जागेला ते शून्य समजतं, आणि उत्तराला तारखेचं रूप दिलं की दाखवतं ३० जानेवारी १९००. हे इतकं हास्यास्पद आहे की कुणाच्याही नजरेत येईल. खरी भीती असते ती दिसायला अगदी बरोबर वाटणाऱ्या उत्तरांची.

भाडेकरारांमधली माहिती तक्त्यात उतरवण्याचं काम भारतात वाढलं त्यामागे एक लेखा-मानक आहे. १ एप्रिल २०१९ पासून ‘इंड एएस ११६’ लागू झालं. ते लागू असलेल्या कंपन्यांना भाड्याच्या बहुतेक जागांचं पुढच्या वर्षांतलं भाडं आजच्या मूल्यात मांडून देणं म्हणून ताळेबंदात दाखवावं लागतं. त्यासाठी प्रत्येक करारातून मुदत, भाडं, भाडेवाढ, अनामत, नोटिशीचा काळ असे तपशील काढावे लागतात. या तक्त्यासोबत दोन-तीन पानांची कव्हर नोट जाते. तक्ता काय सापडलं ते सांगतो. काय सापडलं नाही, काय गृहीत धरलं आणि कशावर अजून कुणीतरी शिक्कामोर्तब करायचं आहे, हे या नोटेत असतं.

आधी रिकाम्या रकान्याचंच पाहू. नोटिशीचा काळ रिकामा आहे, याचे किमान तीन अर्थ होतात. करारात तसं कलमच नाही. किंवा कलम आहे, पण ते पान स्कॅनमध्ये आलेलं नाही. किंवा मुदतीच्या आत करार सोडताच येत नाही, त्यामुळे नोटिशीचा प्रश्नच उद्भवत नाही. रिलेशनल डेटाबेसची कल्पना १९७० मध्ये मांडणारे एडगर कॉड यांनाही या प्रश्नानं सतावलं होतं. पुढे त्यांनी ‘लागू आहे पण माहीत नाही’ आणि ‘लागूच नाही’ अशा दोन वेगळ्या खुणा सुचवल्या. रोजच्या वापरातल्या डेटाबेसांत मात्र एकच `NULL` राहिलं, आणि ते विचित्र वागतं. पुढच्या दोन ओळी पाहा:

```sql
SELECT * FROM karar WHERE notice_days = 90;
SELECT * FROM karar WHERE notice_days <> 90;
```

पहिली ओळ ९० दिवसांचे करार देते, दुसरी ९० नसलेले. सगळे करार यात यायला हवेत. पण ज्यांचा रकाना `NULL` आहे, ते दोन्ही याद्यांतून गायब होतात. म्हणून नोटेत प्रत्येक रिकाम्या जागेचं कारण लिहायचं: ‘करार मौन’, ‘पान नाही’ किंवा ‘लागू नाही’. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात वकिलाला विचारायचं, दुसऱ्यात कपाट शोधायचं, तिसऱ्यात काहीच करायचं नाही.

आता एक करार घेऊ, कल्पित पण नेहमीच्या वळणाचा. औषधांच्या दुकानासाठी पाच वर्षांचा भाडेपट्टा, भाडं महिना ८०,००० रुपये. मुदत ताब्याच्या दिवसापासून मोजायची. दुकानाची सजावट करायला भाडेकरूला दोन महिने बिनभाड्याचे, त्यानंतर भाडं सुरू. ‘मुदतीतील दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ.’ अनामत सहा महिन्यांच्या भाड्याइतकी.

पहिली अडचण अनामतीची. स्कॅनमध्ये आकडा ४,३०,००० असा वाचला गेला आणि अक्षरी रक्कम ‘चार लाख ऐंशी हजार’ आहे. धनादेशावर अंक आणि अक्षरं जुळली नाहीत तर अक्षरी रक्कम खरी धरायची, असं १८८१ चा परक्राम्य संलेख कायदा सांगतो. पण हा धनादेश नव्हे. इथे करारच मदतीला येतो: ८०,००० गुणिले ६ म्हणजे ४,८०,०००. पुसट स्कॅनमध्ये ८ चा ३ होणं नेहमीचंच. असं प्रकरण नोटेत एका ओळीत, कारणासह लिहून मिटवावं. अशा मिटलेल्या गोष्टी ‘खात्री करा’च्या यादीत कोंबल्या की यादी ६० मुद्द्यांची होते आणि ती कुणीही वाचत नाही.

दुसरी अडचण खरी आहे. ताबापत्र फायलीत नाही. फक्त मालकाची पहिली पावती आहे, ‘१० ऑगस्ट २०२१ पासूनचं भाडं’. दोन महिने मागे गेलं की ताब्याची तारीख १० जून २०२१ निघते. ही तारीख वाचलेली नाही, काढलेली आहे, आणि तक्त्यात ती इतर तारखांसारखीच दिसते. शिवाय तिच्यावर पुढची साखळी उभी आहे: भाडेवाढीची तारीख, मुदतीचा शेवट, नूतनीकरणाच्या नोटिशीची अखेर. म्हणून नोटेत ही साखळी एकत्र लिहावी, म्हणजे ताबापत्र मिळालं की कोणते रकाने बदलायचे ते आयतं कळेल.

भाडेवाढीचं काय? तीन वर्षं ताब्यापासून मोजली तर वाढ १० जून २०२४ ला, भाडं सुरू झाल्यापासून मोजली तर १० ऑगस्टला. कलमात ‘मुदतीतील’ हा शब्द आहे आणि मुदत ताब्यापासून सुरू होते, म्हणून जून धरणं सयुक्तिक. पण एवढं लिहून थांबू नये. १५ टक्के म्हणजे महिना १२,०००, दोन महिन्यांचे २४,०००. ‘अर्थ चुकला तर फरक २४,००० रुपये’ हे वाक्य वाचून हिशेबनीस ठरवू शकतो की वकिलाला आज फोन करायचा की महिनाअखेर. किंमत न लावलेलं गृहीतक त्याच्या काही कामाचं नसतं, हे माझं ठाम मत.

मुदतीच्या शेवटात आणखी एक बारीक गंमत आहे. संगणकाचं साधं सूत्र पाच वर्षांत एक दिवस वजा करून ९ जून २०२६ देतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ११० वं कलम मात्र म्हणतं की भाडेपट्टा ‘अमुक दिवसापासून’ असेल तर तो दिवस वगळायचा, आणि उलट काही ठरलं नसेल तर वर्षपूर्तीचा संपूर्ण दिवस भाडेपट्ट्यात धरायचा. म्हणजे १० जून. नूतनीकरणाची नोटीस ९० दिवस आधी द्यायची असेल, तर शेवटचा दिवस ११ मार्च की १२ मार्च? नोटेत ११ मार्च लिहावा, कारण एक दिवस लवकर दिलेल्या नोटिशीनं काही बिघडत नाही. (कागद भाडेपट्ट्याचा नसून ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असेल तर हे कलम थेट लागत नाही. कागदाचा प्रकार कोणता, हेही नोटेत हवं.)

खात्रीसाठी उरलेला प्रश्न कसा विचारावा? ‘ताब्याची तारीख तपासावी’ या वाक्याला कुणाचंच उत्तर येत नाही. ‘कलम ३ नुसार मुदत ताब्यापासून. ताबापत्र फायलीत नाही. पावतीवरून १० जून २०२१ धरली आहे. जागा विभागानं ताबापत्राची प्रत द्यावी. तोवर चार रकाने तात्पुरते’ याला येतं. कुणी, कोणता कागद, आणि तोवर काय, एवढं त्यात आहे.

शेवटी, न तपासलेल्या रकान्यांचं काय? समजा यादृच्छिक निवडलेले ६० रकाने दुसऱ्या माणसानं मूळ करारावरून पुन्हा वाचले आणि एकही चूक सापडली नाही. याचा अर्थ चुका शून्य असा होत नाही. संख्याशास्त्रातला सोपा नियम सांगतो की अशा वेळी ९५ टक्के खात्रीनं चुकांचं प्रमाण ३ भागिले ६०, म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत असू शकतं. ही मर्यादा एक टक्क्यावर आणायची तर ३०० रकाने बिनचूक निघायला हवेत. आणि तपासलेले सगळे रकाने स्वच्छ टाइप केलेल्या करारांमधलेच असतील, तर फोटोकॉपीच्या फोटोकॉपीवरून वाचलेल्या करारांबद्दल हा नियम काहीच सांगत नाही. म्हणून ‘६० रकाने तपासले’ यापुढे ते कोणत्या करारांतून आणि कसे निवडले, हे नोटेत लिहावं लागतं.