जीभ मागे, ओठ सैल: रशियन ‘येरी’चा उच्चार

वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघालेली काही मुलं माझ्याकडे उच्चार पक्के करायला येतात. मी त्यांना पहिल्या दिवशी एकच वाक्य म्हणायला लावतो: ‘मला डॉक्टर व्हायचंय.’ रशियनमध्ये यातल्या ‘होणं, असणं’ या क्रियापदात एक स्वर आहे, जो मराठीत नाही. मुलं तिथे सरळ आपला ‘इ’ घालतात आणि शब्द होतो ‘बित्य’. ‘बित्य’ म्हणजे मारणं. पुढचा ‘डॉक्टर’ हा शब्द रशियन व्याकरणानुसार तृतीयेत असतो, त्यामुळे वाक्याचा अर्थ होतो, ‘मला डॉक्टरने मारायचंय’, म्हणजे डॉक्टर हे मारण्याचं साधन!

हा स्वर लिहायचं रशियन अक्षर इंग्रजी लहान ‘बी’सारखं दिसतं आणि त्याच्या शेजारी एक सुटा उभा दांडा असतो. त्याचं जुनं नाव ‘येरी’. मराठीत तो कसा लिहायचा? ‘देवनागरीत जगातला कोणताही ध्वनी जसाच्या तसा लिहिता येतो’ असा मजकूर दर काही महिन्यांनी फोनवर फिरत येतो. तो खरा नाही. काश्मिरीत येरीच्या जवळचा स्वर आहे आणि ती भाषा देवनागरीत लिहिण्यासाठी ॶ हे अक्षर आणि व्यंजनाखाली लागणारी त्याची मात्रा मुद्दाम घ्यावी लागली. जी चिन्हं आपण शाळेत शिकलो, त्यांत हा स्वर बसत नाही. मी इथे तीच काश्मिरी मात्रा वापरतो: बित्य म्हणजे मारणं, बॖत्य म्हणजे असणं. मिश्का म्हणजे छोटं अस्वल, मॖश्का म्हणजे छोटा उंदीर.

आता तोंडात काय होतं ते पाहू. ‘ई’ म्हणताना जिभेचा फुगवटा पुढे, कठोर टाळूखाली असतो आणि ओठ पसरलेले असतात. ‘ऊ’ म्हणताना तोच फुगवटा मागे जातो आणि ओठांचा चंबू होतो. मराठीत या दोन गोष्टींची गाठ पक्की आहे: जीभ वर आणि मागे गेली की ओठ गोल झालेच. येरीसाठी ही गाठ सोडवावी लागते. जीभ उंच आणि बरीच मागे, पण ओठ सैल.

आरशासमोर उभे राहा आणि ‘ऊ’ म्हणत राहा. आवाज न थांबवता, जीभ जिथे आहे तिथेच ठेवून, फक्त ओठांचा चंबू सोडा. पहिल्या दहा-वीस प्रयत्नांत बहुतेकांची जीभ ओठांबरोबर पुढे धावते आणि ‘ई’ ऐकू येतो. ती धावली नाही, तर घशाजवळून एक दबका, अनोळखी स्वर निघेल. तिथून जीभ किंचित पुढे सरकवली की येरी सापडते.

सापडली की नाही, हे कुजबुजून तपासता येतं. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे कानाला जाणवते ती तोंडाच्या पोकळीचीच पट्टी. ‘ई’, येरी, ‘ऊ’ असे तिन्ही ओळीने कुजबुजा. ‘ई’ची पट्टी सर्वांत उंच, ‘ऊ’ची सर्वांत खालची, आणि येरी त्या दोन्हींच्या मध्ये पडली पाहिजे. ती ‘ई’ला चिकटली असेल तर जीभ पुढे पळाली आहे. ‘ऊ’ला चिकटली असेल तर आरशात ओठ पाहा.

काही ठिकाणी येरी म्हणजे ‘उई’ असं शिकवतात. हे कुठून आलं ते समजण्यासारखं आहे. रशियनमधला ‘कठोर’ ब किंवा म उच्चारताना ओठ मिटलेले असतानाच जिभेचा मागचा भाग वर उचललेला असतो. ओठ उघडल्यावर स्वर मागून सुरू होतो आणि किंचित पुढे सरकत संपतो. मराठी कानाला सुरुवात ‘उ’सारखी आणि शेवट ‘ई’सारखा वाटतो. पण रशियन माणसाचे ओठ गोल होतच नाहीत. तुम्ही ‘मॖ’ऐवजी ‘मुई’ म्हणालात, तर त्याला दोन स्वर ऐकू येतील.

म्हणजे खरा फरक स्वराच्या आधीच, व्यंजनात सुरू होतो. रशियनमध्ये बहुतेक व्यंजनांच्या जोड्या आहेत, एक कठोर आणि एक मृदू, म्हणजे जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलून म्हटलेलं; मराठी व्याकरणातल्या कठोर-मृदू व्यंजनांशी यांचा संबंध नाही. मृदूनंतर ‘इ’ येतो, कठोरनंतर येरी. आपल्याकडेही व्यंजन आणि स्वर असे एकमेकांना बांधलेले आहेत. ‘माझा’ म्हणताना झ दंत्य असतो, ‘माझी’ म्हणताना तालव्य होतो. मराठीत स्वर व्यंजनाला ओढतो, रशियनमध्ये व्यंजन स्वराला ओढतं. ‘भारतात’ हे रशियनमध्ये म्हणताना ‘इन्दिइ’च्या आधी नुसता कठोर ‘व्’ लागतो. लिहिताना ‘इ’ तसाच राहतो, पण बोलताना ‘व्’ला जोडून येरी उच्चारतात: वॖन्दिइ. म्हणूनच येरी हा स्वतंत्र स्वर की ‘इ’चंच रूप, यावर रशियन भाषाशास्त्रात जुना वाद आहे. लेनिनग्राडचे श्चेर्बा ती स्वतंत्र मानत, मॉस्कोचा संप्रदाय मानत नाही.

या बांधणीमुळे मराठी माणसाला एक खास अडचण येते. ‘चाक’मधला दंत्य च आपल्याला रशियन शिकताना आयता मिळतो. पण रशियनमध्ये तो कायम कठोर असतो, त्यामुळे त्याच्यानंतर ‘इ’ लिहिलेला असला तरी येरीच वाचायची. सर्कसचा रशियन शब्द चॖर्क असा, दंत्य च घेऊन. मराठीत दंत्य च आणि ‘इ’ सहसा एकत्र येत नाहीत, म्हणून जीभ झटकन ‘चिंच’मधल्या तालव्य च कडे घसरते. आधी ‘चाक, चाक’ म्हणा, मग च वरच थांबून येरी जोडा.

जोडाक्षरांचं दुखणं वेगळं आहे. ‘कार्त्स्न्य’ लिहिणाऱ्या आपल्याला जोडाक्षरांची भीती नसावी, पण ‘नजर’ या अर्थाचा रशियन शब्द ‘व्ज़्ग्ल्यात’ म्हणताना मधे अ शिरतोच. मराठी व मध्ये घर्षण जवळजवळ नसतं, त्यामुळे तो एकटा टिकत नाही आणि आधाराला स्वर मागतो. म्हणून वरचे दात खालच्या ओठावर टेकवून भुंग्यासारखा ‘व्’ सेकंदभर लांबवा. तोच गुंजारव न तोडता ज़ वर जा. ‘जाळ’मधल्या ज ला जीभ दातांशी टेकते, इथे ती टेकू द्यायची नाही. शब्द शेवटाकडून बांधा: ल्यात, ग्ल्यात, ज़्ग्ल्यात, व्ज़्ग्ल्यात. प्रत्येक वेळी एकच टाळी वाजली पाहिजे. दोन वाजल्या, तर अ शिरला आहे.

पुढचं व्यंजन स किंवा त सारखं अघोष, म्हणजे स्वरतंतू न कंपवता म्हटलेलं असेल, तर व् स्वतः फ़् होतो: ‘भेट’ म्हणजे फ़्स्त्रेचा. काही अक्षरं तर उच्चारायचीच नसतात. ‘नमस्कार’ म्हणताना ‘ज़्द्राव्स्त्वुइत्ये’ असं लिहिलेलं असलं तरी पहिला व गळतो, ‘ज़्द्रास्त्वुइत्ये’ उरतं.

एका शब्दात येरी आणि जोडाक्षर दोन्ही तपासायचं असेल, तर त्याच ‘व्ज़्ग्ल्यात’चं अनेकवचन घ्या. लिहिताना या शब्दाच्या शेवटी द आहे, एकवचनात तो शेवटी आल्यामुळे त होतो. अनेकवचनात त्याच्यापुढे येरी लागते आणि द परत येतो: व्ज़्ग्ल्यादॖ. टाळ्या दोन, आणि दुसरीच्या वेळी ओठ सैल.