पोरगा परदेशी क्लबात गेला. गावच्या क्लबाला प्रशिक्षण भरपाई कशी मिळते?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या क्लबात पोरगा बाराव्या वर्षी येतो. सोळाव्या वर्षी मोठ्या शहरातली अकादमी त्याला घेऊन जाते आणि काही वर्षांनी तो परदेशी फुटबॉल क्लबासोबत आयुष्यातला पहिला व्यावसायिक करार करतो. गावात हारतुरे होतात, फलक लागतात. पण त्या चार वर्षांचे पैसे नवा क्लब आपल्याला देणं लागतो, हे क्लबाच्या सचिवालाच माहीत नसतं.

याला प्रशिक्षण भरपाई म्हणतात. हे पैसे नवा क्लब भरतो, खेळाडूच्या पगारातून काही कापलं जात नाही. १९९५ च्या बोस्मान निकालानंतर युरोपात करार संपलेला खेळाडू फुकटात दुसरीकडे जाऊ लागला, तेव्हा लहान क्लबांनी पोरं घडवायची कशासाठी, हा प्रश्न उभा राहिला. म्हणून फिफाने २००१ साली ही व्यवस्था आणली. यातली मेख अशी की दर ठरवताना फक्त त्या एका पोराचा खर्च धरत नाहीत. एक व्यावसायिक खेळाडू निघायला किती पोट्ट्यांना शिकवावं लागतं, तेही त्यात मोजलेलं असतं. जे पुढे किराणा दुकान किंवा शेती सांभाळतात, त्यांचाही खर्च क्लबाने केलेलाच असतो की.

पात्रता

खेळाडूला १२ वर्षं पूर्ण होतात त्या वर्षापासून २१ पूर्ण होतात त्या वर्षापर्यंतचा काळ मोजतात. पहिला व्यावसायिक करार मात्र २३ पूर्ण होतात ते वर्ष संपायच्या आत व्हावा लागतो. तोवर त्याला शिकवलेल्या सगळ्या क्लबांना त्यांच्या त्यांच्या काळाचा वाटा मिळतो. प्रशिक्षणावर किती खर्च होतो यावरून क्लबांच्या श्रेणी पाडलेल्या असतात. नवा क्लब सर्वांत खालच्या, म्हणजे चौथ्या श्रेणीचा असेल तर कोणालाच काही मिळत नाही.

पोराने पहिला व्यावसायिक करार भारतातच केला, तर भारतीय महासंघाचे देशांतर्गत नियम लागतात. मग तो पुढे परदेशात गेला तरी फिफाची ही भरपाई ज्या क्लबातून तो गेला त्यालाच जाते, गावापर्यंत येत नाही.

हिशेब

समजा पोरगा १२ वर्षांचा झाला त्या वर्षी १ जुलैला आपल्याकडे नोंदवला गेला आणि १६ चा झाला त्या वर्षी ३० जूनला गेला. नवा क्लब आशियातला, तिसऱ्या श्रेणीचा आहे. १२ ते १५ या वर्षांना चौथ्या श्रेणीचा दर लागतो, आशियात तो वर्षाला २,००० डॉलर. अर्ध्या वर्षाचे १,००० आणि पुढच्या तीन वर्षांचे ६,०००. सोळाव्या वर्षाला नव्या क्लबाचा दर, म्हणजे १०,००० डॉलर लागतो, त्यातलं अर्धं वर्ष आपलं, म्हणून ५,०००. एकूण १२,००० डॉलर. आपण चेंडू-जाळीवर किती खर्च केला, हे कोणी विचारत नाही.

पुढे तोच खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात १ लाख डॉलरला गेला, तर त्या रकमेचे ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटतात. हा एकता निधी. १२ ते १५ च्या प्रत्येक वर्षाला ०.२५ टक्के आणि १६ ते २३ च्या प्रत्येक वर्षाला ०.५ टक्के. आपल्या काळाचे १.१२५ टक्के, म्हणजे १,१२५ डॉलर होतात. इथे वयाची अट नाही, तिशीतल्या खेळाडूवरही वाटा मिळतो.

नोंद हाच अर्ज

नोव्हेंबर २०२२ पासून पॅरिसमधल्या फिफा क्लिअरिंग हाऊसमार्फत हे पैसे फिरतात. करार नोंदला की खेळाडूचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट तयार होतो. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो कुठे होता, हे त्यात येतं आणि ही माहिती महासंघांच्या ऑनलाइन नोंदींतूनच उचलली जाते. कच्चा पासपोर्ट तपासायला १० दिवस मिळतात. आपलं नाव सुटलं असेल तर त्याच मुदतीत राज्य संघटनेमार्फत भारतीय महासंघाला कळवायचं.

खरी गोम इथेच आहे. आमच्या क्लबातल्या एका पोराची पहिली दोन वर्षं फक्त स्पर्धेच्या हाताने लिहिलेल्या यादीत होती. ऑनलाइन नोंद तिसऱ्या वर्षी झाली, त्यामुळे आमच्या नावावर दोनच वर्षं दिसतात. म्हणून क्लब जिल्हा संघटनेमार्फत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या आपल्या राज्य संघटनेशी संलग्न हवा आणि पोरगा पहिल्याच हंगामात महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत नोंदलेला हवा. जन्मदाखला आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते तेव्हाच पाहून घ्या. संलग्न नसलेल्या शाळेच्या संघातली वर्षं मोजली जात नाहीत.

पैसे सोडण्याआधी क्लिअरिंग हाऊस क्लबाचीही तपासणी करतं. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं आणि क्लबाच्याच नावाचं बँक खाते तयार ठेवा. अध्यक्षांच्या बचत खात्यावर काम भागत नाही.

आणि अकादमीवाले ना-हरकत पत्र मागायला आले की ते घाईत देऊ नका. त्यात मधेच कुठे ‘भरपाईचा हक्क सोडत आहोत’ अशी ओळ असेल, तर सही करायच्या आधी ती खोडायला लावा.