तांदळापेक्षा दोनपट की तांदळाच्या दुप्पट?

आहारावरच्या एका छोट्या इंग्रजी पुस्तिकेचं मराठी मी करत होते. भाताच्या पाककृतीत तांदळाच्या मानाने पाणी 'ट्वाइस ॲज मच' घ्या असं लिहिलं होतं. मी लिहिलं, 'तांदळापेक्षा दोनपट जास्त पाणी घ्या.' कच्चा मजकूर शेजारच्या काकूंना वाचायला दिला, तर त्या म्हणाल्या, "अगं, तांदूळ एक वाटी. त्याच्याएवढं पाणी एक वाटी, आणि त्याहून दोनपट जास्त म्हणजे आणखी दोन. मग तीन वाट्या घालू का?"

काकूंचं वाचन बरोबर होतं. मूळ वाक्यात दोनच वाट्या होत्या, तिसरी माझ्या मराठीने घातली. मी तुलनेचे इंग्रजी तुकडे उचलून एकेकाच्या जागी मराठी शब्द बसवले होते. पण तुलना करताना दोन्ही भाषा वाक्यातल्या वेगवेगळ्या जागी काम करतात.

इंग्रजी विशेषणाला हात लावते. 'टॉल'चं 'टॉलर' होतं आणि मग 'दॅन' येऊन कोणाशी तुलना ते सांगतो. मराठीत 'उंच' हा शब्द आहे तसाच राहतो. मोठा-मोठी-मोठे हे बदल लिंगवचनामुळे होतात, तुलनेमुळे नाही. संस्कृतात विशेषणाला 'तर' आणि 'तम' लागत. मराठीत ते संस्कृतातून तयार आलेल्या शब्दांपुरतेच उरले. शाळेतल्या लसावि-मसाविमधला 'लघुतम' आणि 'महत्तम' आठवून पाहा. पण 'उंचतर' असं कोणी बोलत नाही.

मराठीत तुलनेचा सगळा भार उचलतो तो ज्याच्याशी तुलना करायची त्या नामाचा शेवट. 'रामाहून उंच' मधला 'हून' हा 'पुण्याहून आलो' मधलाच. जसं पुण्यापासून निघायचं, तसं रामाच्या उंचीपासून निघायचं आणि वर जायचं. 'पेक्षा'ची गोष्ट वेगळी आहे. तो संस्कृत 'अपेक्षा'मधून आला आणि त्याच्या मुळाशी 'ईक्ष्', म्हणजे पाहणं, हा धातू आहे. 'रामापेक्षा उंच' म्हणजे रामाकडे पाहता उंच. 'सापेक्ष' आणि 'सापेक्षता' हे शब्दही त्याच घरातले.

यात मराठी एकटी नाही. लिऑन स्टासेन या डच भाषाशास्त्रज्ञाने जगभरातल्या 167 भाषांमधली तुलनेची वाक्यं तपासली. त्यातल्या 78 भाषांत 'पासून', 'वर', 'कडे' अशा जागा दाखवणाऱ्या रूपांनी तुलना होते. हिंदीचा 'से', तुर्की आणि जपानी याच गटात येतात. इंग्रजीच्या 'दॅन'सारखा स्वतंत्र शब्द वापरणाऱ्या भाषा 22 निघाल्या आणि त्या बहुतेक युरोपातल्या आहेत. शाळेत इंग्रजी व्याकरण पक्कं केल्यामुळे तीच रीत मूळची आणि आपली आडवळणाची असं वाटायला लागतं, पण जगाचा कल आपल्या बाजूला आहे.

आता आकडे. इथे मराठीची सोय मला फार आवडते, कारण वजाबाकीची तुलना आणि गुणाकाराची तुलना ती वेगवेगळ्या प्रत्ययांवर सोपवते.

कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे आणि साल्हेर 1,567 मीटर. कळसूबाई साल्हेरपेक्षा 79 मीटरांनी उंच आहे, असं आपण म्हणतो. 'पेक्षा' सांगतो कुठून मोजायचं, 'नी' सांगतो मधलं अंतर किती. ही वजाबाकी झाली. एव्हरेस्टची उंची 8,849 मीटर. तिला 1,646 ने भागलं तर सुमारे 5.4 येतात. म्हणून एव्हरेस्टची उंची कळसूबाईच्या उंचीच्या सव्वापाचपटीहून थोडी जास्त आहे. इथे पटीच्या आधी 'पेक्षा' नाही, 'च्या' आहे. जिला गुणायचं ती संख्या 'च्या' दाखवतो, आणि 'पट' सांगतो कितीने गुणायचं. सव्वापट, दीडपट, अडीचपट असे एका शब्दात बसणारे गुणक आपल्या जिभेवर तयार असतात, हे तर इंग्रजीकडे नाहीच.

माझ्या भाताच्या वाक्यात हे दोन धागे गुंतले होते. 'पेक्षा' आणि 'जास्त' हे शब्द वाचणाऱ्याला फरक मोजायला लावतात, 'दोनपट' गुणायला लावतो. गुणून जे येईल तो फरक समजून काकूंनी तो मूळच्या वाटीत मिळवला, आणि उत्तर तीन आलं. सरळ मराठी वाक्य आहे 'तांदळाच्या दुप्पट पाणी'. इंग्रजीतही 'थ्री टाइम्स मोअर' हा प्रयोग असाच घोटाळ्याचा आहे. काही जण तिप्पट समजतात, काही चौपट. म्हणून भाषांतराआधी मूळ आकडे शोधावे लागतात. ते 20 आणि 60 असतील तर 'तिप्पट', 20 आणि 80 असतील तर 'चौपट' लिहायचं. 'किंमत दुपटीने वाढली' हेही मी टाळते. 40 रुपयांची वस्तू 80 ला गेली असेल तर 'किंमत दुप्पट झाली' म्हटलं की शंका राहत नाही.

'पट कमी' हे त्याहून वाईट. चंद्रावर वजन सहापट कमी भरतं असं सर्रास छापलं जातं. पृथ्वीवर काट्यावर 60 किलो भरणाऱ्या माणसाच्या वजनाची सहापट 360 होते, ती 60 मधून वजा कशी करणार? म्हणायचं असतं ते सहावा हिस्सा, म्हणजे तोच काटा चंद्रावर 10 दाखवेल. लहान होणाऱ्या गोष्टींसाठी निम्मा, पाव, तिसरा हिस्सा, एक दशांश असे शब्द आहेत आणि ते वापरले की चूक व्हायला जागाच उरत नाही.

बरोबरी दाखवायला 'इतका' आणि 'एवढा' आहेत. 'ॲज टॉल ॲज' म्हणजे 'आईइतकी उंच'. नकार आला की मात्र अडखळायला होतं. 'ती आईइतकी उंच नाही' म्हणजे ती आईहून कमी उंच आहे, पण 'आईपेक्षा उंच नाही' म्हटलं तर दोघी सारख्याही असू शकतात. प्रयोगाच्या निष्कर्षात असं वाक्य आलं की मी दोनदा तपासते. 'नवं औषध जुन्याइतकं गुणकारी नाही' आणि 'नवं औषध जुन्यापेक्षा गुणकारी नाही' यातलं पहिलं वाक्य औषधाला नापास करतं, दुसऱ्यात ते जुन्याच्या बरोबरीचंही असू शकतं.

आणि प्रत्यय अचूक लावूनही 'पट' कधीकधी चालत नाही. सकाळी तापमान 20 अंश सेल्सिअस होतं, दुपारी 40 झालं. दुपार सकाळच्या दुप्पट गरम होती का? हेच आकडे फॅरनहाइटमध्ये घेतले तर 68 आणि 104 होतात, म्हणजे जेमतेम दीडपट. हवा तीच, पट मात्र बदलली, कारण दोन्ही मापांचा शून्य सोयीसाठी ठरवलेला आहे, तिथे उष्णता संपत नाही. खरा शून्य उणे 273 अंशांच्या आसपास आहे. तिथून मोजलं तर सकाळचे 293 आणि दुपारचे 313, म्हणजे वाढ शंभराला सातच्या आसपास. अशा ठिकाणी 'च्या दुप्पट' सोडून 'पेक्षा' आणि 'नी' कडे यायचं: दुपारी तापमान सकाळपेक्षा 20 अंश सेल्सिअसने जास्त होतं.