लूपचा सांधा: लग्नाच्या एलईडी वॉलवरच्या दृश्यांची पार्श्वभूमी

रिसेप्शनच्या स्टेजमागे एलईडी वॉल लागते आणि तिच्यावर तीन-चार तास एकच छोटी क्लिप फिरत राहते. निवेदन नाही, गोष्ट नाही. झेंडूच्या पाकळ्या पडतात, मागे उजेड हळू कमी-जास्त होतो. अशा क्लिपची संहिता लिहिताना खरी कसोटी शेवटची फ्रेम पहिलीला भेटते तिथे लागते. चलतचित्राची सुरुवात झाली तेव्हा हा सांधा नव्हताच. तो फिल्मच्या पट्टीबरोबर आला.

बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ प्लाटो यांनी 1832 मध्ये कडेला खाचा असलेली चकती केली. चकतीवर गोलाकार चित्रे काढायची, ती आरशासमोर फिरवायची आणि खाचांतून आरशात पाहायचे. वर्तुळाला टोक नसल्याने शेवटचे चित्र आपोआप पहिल्याला लागून येई. चित्रकाराला एकच पथ्य पाळावे लागे: हालचाल एका फेरीत पूर्ण झाली पाहिजे.

1894 मध्ये न्यूयॉर्कला एडिसन यांच्या किनेटोस्कोपच्या पेट्या लोकांसाठी खुल्या झाल्या. आत सुमारे 50 फूट फिल्म टोकाला टोक जोडून गुंडाळ्यांवरून फिरवलेली असे. यंत्रासाठी तो लूप होता, पण चित्रातली क्रिया एका जागी सुरू होऊन भलत्याच जागी संपायची. गिऱ्हाईक पैसे देऊन एकदाच पाहत असल्याने कोणाला ते खटकले नाही. सांधा खटकायला एकच दृश्य पुन्हापुन्हा समोर यावे लागते.

तसे ठळकपणे झाले 1966 च्या नाताळात. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स वाहिनीने शेकोटीत जळणाऱ्या ओंडक्याचे चित्रण नाताळगीतांसह काही तास दाखवले. चित्रण महापौरांच्या निवासस्थानी झाले होते आणि मूळ 16 मिलिमीटर लूप होता अवघ्या 17 सेकंदांचा. दर 17 सेकंदांनी ज्वाळांना धक्का बसे, शिवाय फिल्म झिजत चालली. म्हणून 1970 मध्ये 35 मिलिमीटरवर नव्याने चित्रण झाले आणि लूप सहा मिनिटांच्या वर गेला. सांधा नाहीसा झाला नाही, फक्त क्वचित येऊ लागला. आग बेशिस्त हलते, त्यामुळे तेवढ्यावर भागलेही. नक्षीदार कमान किंवा सरळ पडणारी पाकळी असती तर इतके सहज भागले नसते.

आपल्याकडे पुण्याच्या गणेशोत्सवातले हलते देखावे बांधणाऱ्यांना ही अडचण आली नाही. मोटर, तिच्या चाकावर क्रँक, क्रँकला दांडा आणि दांड्याला पुतळ्याचा हात. चाक गोल फिरते, हात वर-खाली होतो, आणि दोन्ही टोकांना तो आपोआप मंदावतो. आज आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये उजेडाच्या थराला जे सूत्र देतात ते याच क्रँकचे गणित आहे. उजेडाच्या थराची ओपॅसिटी 70 ठेवा आणि तिला हे लावा:

```
d = 20; n = 2;
value + 10*Math.sin(2*Math.PI*n*time/d)
```

इथे `d` म्हणजे लूपची सेकंदांतली लांबी आणि `n` म्हणजे तेवढ्या वेळात होणारी आवर्तने. `n` पूर्णांक असेल तोवर सांधा उरत नाही. अडीच ठेवलात तर उजेड शेवटी उतरता असतो आणि सुरुवातीला चढता. अशा वेळी पडद्यावर हुंदका दिल्यासारखे दिसते.

एक नेहमीचा हॉल घेऊ. वॉल 4 मीटर रुंद, 2 मीटर उंच, अर्धा मीटर चौरसाची 32 कॅबिनेट, पिच म्हणजे दोन पिक्सेलमधले अंतर 3.91 मिलिमीटर. एका कॅबिनेटमध्ये 128 गुणिले 128 पिक्सेल, म्हणजे पूर्ण वॉल 1024 गुणिले 512. क्लिप थेट याच मापात करावी. फुल एचडी करून वॉलच्या प्रोसेसरवर दाबली की नावांची अक्षरे पुसट होतात. लांबी 20 सेकंद, वेग सेकंदाला 25 फ्रेम, एकूण 500 फ्रेम.

संहितेत प्रसंग नसतात, थर आणि त्यांची आवर्तने असतात. तळाचा मरून पडदा स्थिर. उजेड 10 सेकंदांत एकदा, म्हणजे लूपमध्ये दोनदा. लांबच्या पाकळ्या 20 सेकंदांत वरून खाली, जवळच्या 10 सेकंदांत. जवळच्या पाकळीला वरच्या आणि खालच्या कडेबाहेरची थोडी जागा धरून 600 पिक्सेल जायचे असते; म्हणजे सेकंदाला 60 पिक्सेल, वॉलवर साधारण 23 सेंटिमीटर. नवरानवरीच्या चेहऱ्यावरून नजर हटू नये इतका हा वेग संथ आहे. पाकळी सात सेकंदांत पडावी असे मनात आले तरी ते सोडावे, कारण 20 ला 7 ने भाग जात नाही आणि विसाव्या सेकंदाला ती पाकळी हवेतच गायब होते. पाकळीची गिरकी तिच्या पडण्याच्याच घड्याळाला बांधावी. मग गिरकी अर्धवट राहिली तरी ती पडद्याबाहेर तुटते.

फ्रेम 0 ते 499 एवढ्याच काढाव्यात. 500 वी फ्रेम म्हणजे पुन्हा शून्यावीच. तीही काढली तर सारखी दोन चित्रे लागोपाठ येतात आणि पाकळ्या क्षणभर थबकतात. तपासायला क्लिप टाइमलाइनवर दोनदा लागोपाठ ठेवावी आणि जोडावरून एकेक फ्रेम पुढे जावे.

समईच्या खऱ्या ज्योतीचे चित्रण असेल तर आवर्तन आपल्या हातात नसते. तिथे एडिटर मंडळींची जुनी युक्ती चालते. 22 सेकंदांची क्लिप मधोमध कापायची, दुसरा तुकडा आधी ठेवायचा, पहिला नंतर, आणि मध्ये 2 सेकंदांचा डिझॉल्व्ह द्यायचा, म्हणजे एक चित्र हळूहळू दुसऱ्यात विरघळते. आता बाहेरची दोन टोके मूळ चित्रणातल्या शेजारच्या फ्रेम आहेत, म्हणून ती बिनचूक जुळतात. खरा जोड डिझॉल्व्हखाली जातो. कॅमेरा मात्र स्टँडवर हवा आणि एक्स्पोजर लॉक केलेले हवे, नाहीतर डिझॉल्व्हमध्ये दोन समया दिसतात.

एवढे करूनही कधी कधी हॉलमध्ये दर 20 सेकंदांनी पडदा काळा होतो, आणि दोष क्लिप करणाऱ्यावर येतो. वस्तू उडी मारत असेल तर सांधा चित्रात आहे. काळे लुकलुकत असेल किंवा सगळे चित्र एकदम गोठत असेल तर तो प्लेअरमध्ये आहे. बरेच प्लेअर, विशेषतः टीव्हीच्या यूएसबीवरचे, फाइल संपली की ती बंद करून पुन्हा उघडतात. उपाय म्हणजे ffmpeg या प्रोग्रॅमने लूप आधीच लांब करून देणे:

```
ffmpeg -stream_loop 89 -i pakali.mp4 -c copy -an pakali_30min.mp4
```

89 वेळा पुन्हा, म्हणजे एकूण 90 फेऱ्या, 30 मिनिटे. सेकंदाला 8 मेगाबिट धरले तर फाइल सुमारे 1.8 जीबी होते आणि फॅट32 पेनड्राइव्हच्या 4 जीबीच्या मर्यादेत बसते. `-an` ने आवाजाचा ट्रॅक निघून जातो, आणि तो मुका असला तरी काढावाच. एएसी आवाज 1024 नमुन्यांच्या ठोकळ्यांत साठतो. सेकंदाला 48000 नमुन्यांच्या दराने 20 सेकंदांत 937.5 ठोकळे होतात. अर्धा ठोकळा साठवता येत नाही, म्हणून आवाज चित्रापेक्षा किंचित लांबतो आणि प्रत्येक जोडावर तेवढी फट पडते.

आता काळा पडदा आलाच तर अर्ध्या तासाने एकदा येईल. विधीची वेळ ठरलेली असते, तेव्हा मंगलाष्टकांच्या पाच मिनिटे आधी फाइल पुन्हा पहिल्यापासून लावावी.